तेच सोने, तीन नफे

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या सराफी पेढ्या आहेत. ३१ मार्चला तिजोरीतील सोने वजन करून मांडले जाते. वजनाबाबत वाद नसतो. प्रश्न उरतो तो दराचा. हा साठा खरेदीच्या दराने लिहावा की त्या दिवशीच्या बाजारभावाने?

उत्तर असे, की मूळ खर्च आणि विक्रीतून निव्वळ हाती येणारी रक्कम, यांतील जी कमी असेल ती. घसरणीचा तोटा वर्षअखेरीसच मान्य करावयाचा. वाढीचा नफा मात्र सोने विकले जाईपर्यंत धरावयाचा नाही. चैनरूप संपतराम यांच्या चांदीच्या लगडींसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये हेच तत्त्व स्पष्ट केले.

परंतु ‘मूळ खर्च’ कोणता? निरनिराळ्या दराने घेतलेले सोने एकदा वितळले की वेगळे ओळखता येत नाही. घडणावळ बाजूला ठेवून एक काल्पनिक उदाहरण पाहू. पेढीकडे आरंभी १ किलो चोख सोने ग्रॅमला ६,००० रुपये दराचे, म्हणजे ६० लाखांचे होते. वर्षात आणखी १ किलो ९० लाखांना घेतले आणि १ किलो ९५ लाखांना विकले. अखेरीस १ किलो शिल्लक राहिले.

आधी आलेले आधी विकले असे मानल्यास शिल्लक साठा ९० लाखांचा व नफा ३५ लाखांचा होतो. भारित सरासरीने साठा ७५ लाखांचा व नफा २० लाखांचा ठरतो. शेवटी आलेले आधी विकले असे धरल्यास साठा ६० लाखांचा आणि नफा अवघा ५ लाखांचा. तिजोरीतील सोने तिन्ही वेळी तेवढेच असते.

तिसरी पद्धत पूर्वी अनेक सराफांना प्रिय होती, कारण विकलेले सोने पुन्हा भरल्यावर हाती खरोखर ५ लाखच उरतात. मात्र लेखामानक २ आणि प्राप्तिकराचे साठा-मूल्यांकनाचे मानक तिला मान्यता देत नाहीत. म्हणून तेजीच्या वर्षी पहिल्या पद्धतीने ३५ लाखांवर कर भरताना रोख रकमेची ओढाताण होते.

आता ३१ मार्चचा भाव ८,५०० रुपये असेल, तर पहिल्या पद्धतीतील ९० लाखांचा साठा ८५ लाखांवर आणावा लागेल. सरासरीचे ७५ लाख तसेच राहतील. भाव ९,८०० असेल, तर साठा ९८ लाखांचा दाखवता येणार नाही. तसे केल्यास पहिल्या पद्धतीच्या नफ्यात न मिळालेले ८ लाख मिसळतात.

बँकेत सराफांचे ताळेबंद तपासताना मी साठ्याच्या रकमेला चोख वजनाने भागून पाहत असे. येणारा दर ३१ मार्चच्या भावाशी तंतोतंत जुळला, तर खरेदीची बिले मागवावीत. तो वर्षानुवर्षे गोठलेला दिसला, तर पद्धत विचारावी. आणि सबळ कारणाशिवाय ती बदललेली आढळली, तर त्या वर्षीच्या नफ्याची तुलना मागील वर्षाशी करू नये.