अनोळखी मजकुराचे तुकडे

भाषेवर चालणारी सॉफ्टवेअर मजकूर शब्दाशब्दाने वाचत नाहीत आणि अक्षराअक्षरानेही वाचत नाहीत. मजकूर आधी ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांत कापला जातो. इंग्रजी वाक्यातला information हा अकरा अक्षरी शब्द जीपीटी-२ या प्रणालीत एकच टोकन ठरतो. q7Zx9vKp2L ही दहाच चिन्हांची माळ मात्र किमान सात तुकड्यांत फुटते. यामागे अर्थाची जाण अजिबात नसते, असते ती निव्वळ मोजणी.

ही मोजणी ‘बाइट पेअर एन्कोडिंग’ या पद्धतीने होते. फिलिप गेज यांनी ती १९९४ मध्ये माहिती कमी जागेत साठवण्यासाठी मांडली, आणि पुढे यंत्रभाषांतर करणाऱ्यांनी ती उचलली. पद्धत सोपी आहे. नमुन्याचा मजकूर सुट्या चिन्हांत मोडायचा, शेजारी-शेजारी सर्वांत जास्त वेळा येणारी जोडी शोधायची, ती जोडून एक नवे चिन्ह करायचे आणि पुन्हा मोजायला बसायचे.

समजा, नमुन्यात सहाच शब्द आहेत: घर, घरात, घराला, घरी, दारात, शेतात. ‘घ’ आणि ‘र’ ही जोडी चार वेळा येते, म्हणून ‘घर’ हा पहिला तुकडा तयार होतो. आता मोजले तर काना आणि त्यापुढचा ‘त’ तीन वेळा सापडतात, म्हणून तो दुसरा तुकडा. इथे थांबलो तरी ‘घरात’ दोनच तुकड्यांत मावतो. ‘दरात’ हा शब्द नमुन्यात नव्हता, पण त्याचा शेवट ओळखीचा असल्याने चार चिन्हांचे काम तीन तुकड्यांत भागते. ‘तघलशर’ लिहिले तर पाचही अक्षरे ओळखीची असतात, पण एकही जोडी जमलेली नसते, आणि पाचच्या पाच तुकडे पडतात. मराठीचे व्याकरण कोणी शिकवले नव्हते, तरी सप्तमीचा प्रत्यय जवळजवळ हाती लागला, हे या पद्धतीचे खरे कौतुक.

जीपीटी-२ च्या यादीत ५०,२५७ टोकन आहेत. त्यातली २५६ सुटी बाइट, एक मजकूर संपल्याची खूण आणि उरलेली ५०,००० अशा जोडण्यांतून बनलेली. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे आणि दहा अंक मिळून ६२ चिन्हे होतात. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या ३,८४४, पण तीन-तीनचे गट २,३८,३२८. म्हणजे सगळी यादी यासाठीच वापरली तरी तीन चिन्हांचे गट तिच्यात मावणार नाहीत, आणि प्रत्यक्षात यादीतली बहुतेक जागा नेहमीच्या शब्दांनी व्यापलेली असते. म्हणून यादृच्छिक माळेत लांब तुकडा क्वचितच जुळतो. शिवाय जोडणीआधीच अक्षरे आणि अंक वेगळे केले जातात. वरच्या माळेचे q, 7, Zx, 9, vKp, 2, L असे सात भाग तिथेच होतात. पुढे Zx किंवा vKp फुटले तर संख्या दहापर्यंत जाते.

बारीक तुकडे म्हणजे यादृच्छिक मजकूर, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. ‘शहरात’ हा शब्द वरच्या सहा शब्दांच्या यादीसमोर ठेवला तर ‘ह’ अडतो, कारण तो नमुन्यात कधी आलाच नाही. जुन्या प्रणाली अशा जागी ‘अज्ञात’ अशी खूण करून मोकळ्या होत. जीपीटी-२ सारख्या प्रणाली चिन्हाऐवजी त्याच्या बाइटपर्यंत खाली उतरतात, त्यामुळे काहीच अडत नाही, पण तुकडे वाढतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह प्रचलित संकेतात तीन बाइटचे असते. ‘नमस्कार’मध्ये हलन्त आणि काना धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. मराठी माणसाला रोजचा असलेला हा शब्द इंग्रजीवर घडलेल्या यादीला q7Zx9vKp2L इतकाच परका वाटू शकतो. तुकड्यांची संख्या मजकुराचा गुण सांगत नाही. यादी कोणत्या मजकुरावर बनली, एवढेच ती सांगते.

उलट बाजूनेही फसगत होते. एखादी माळ एकाच टोकनात बसली म्हणून ती प्रणालीला कळते असे नाही. जीपीटी-२ च्या यादीत एका इंटरनेट वापरकर्त्याचे टोपणनाव अखंड टोकन होऊन बसले होते. यादी बनवताना ते वारंवार दिसले, पण प्रत्यक्ष शिकवणीच्या मजकुरात बहुधा जवळजवळ आलेच नाही. तीच यादी वापरणाऱ्या प्रणालींना ते नाव साधे परत लिहायला सांगितले तर भलतेच उत्तर येई. हा प्रकार २०२३ मध्ये उघड झाला. टोकनची यादी आणि शिकवणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

म्हणून फुटलेले पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्या तुकड्यांच्या दाटीवरून शोधायच्या असतील, तर तुलना त्याच भाषेतल्या, त्याच यादीने कापलेल्या साध्या मजकुराशी करावी लागते. नाहीतर सरळ मराठी परिच्छेदही संशयित ठरेल. यादी बदलली की चित्रही बदलते. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ साठी नवी, जास्त मोठी यादी आणली, तेव्हा कंपनीने दिलेल्या मराठी नमुन्यातला मजकूर आधीच्या ९६ टोकनऐवजी ३३ टोकनमध्ये मावला.