भट्टी कोणती, चार्ज कोणता : पुरवठादाराला ऑडिटचं पत्र लिहिताना

चाकणच्या पट्ट्यातला गिअर बनवणारा एखादा कारखाना घ्या. गिअर कापायचं काम तो स्वतः करतो, पण दातांना कडकपणा आणण्यासाठी माल भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे पाठवतो. तिथे बंद भट्टीत, साधारण ९२० अंश सेल्सिअसला, कार्बन देणाऱ्या वायूत गिअर काही तास तापतात. कार्बन पोलादाच्या पृष्ठभागात मुरतो, मग सगळा चार्ज तेलात बुडवतात आणि शेवटी कमी तापमानाला टेम्परिंग करतात. बाहेरचा थर कडक होतो, आतला गाभा चिवट राहतो. अडचण अशी की हा कडक थर किती खोल गेला, हे गिअर हातात घेऊन सांगता येत नाही. त्यासाठी गिअर कापावा लागतो, आणि कापलेला गिअर विकता येत नाही. म्हणून चार्जमागे एखादाच नमुना कापतात आणि बाकीच्या शेकडो गिअरसाठी भरवसा ठेवावा लागतो तो भट्टीवर आणि ती चालवणाऱ्या माणसांवर.

हा भरवसा तपासायला ग्राहक पुरवठादाराकडे जातो, ते झालं ‘सेकंड पार्टी’ ऑडिट. कारखान्याने स्वतःचं केलेलं ते पहिलं, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने केलेलं ते तिसरं. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात पुरवठादारांच्या अशा ऑडिटची स्वतंत्र तरतूद आहे. भेटीत काय हाती लागणार, हे मात्र बरंचसं आधी पाठवलेल्या पत्रावर ठरतं. ‘पुढील आठवड्यात आमची टीम क्वालिटी ऑडिटसाठी येत आहे, सर्व कागदपत्रं तयार ठेवावीत’ एवढंच पत्र गेलं, तर पुरवठादार आपल्या समजुतीने सगळ्या फायली मीटिंग रूममध्ये आणून ठेवतो. सकाळ त्या चाळण्यात जाते, दुपारी शॉप फ्लोअरवर एक फेरी होते, आणि ज्या भट्टीत आपला माल शिजतो ती त्या दिवशी नेमकी बंद असते.

समजा, आपल्या एका गिअरच्या दातांवर वापरात बारीक खड्डे पडल्याची तक्रार ग्राहकाकडून आली आहे आणि कडक थर कमी खोल असल्याचा संशय आहे. ड्रॉइंगमध्ये थराची खोली ०.८ ते १.० मिलिमीटर आणि पृष्ठभागाचा कडकपणा ५८ ते ६२ रॉकवेल सी मागितला आहे. अशा वेळी पत्र साधारण असं जावं :

‘स. न. वि. वि. आपण आमच्यासाठी हीट ट्रीटमेंट करत असलेल्या गिअरच्या प्रक्रियेचं ऑडिट करण्यासाठी आमचे दोघेजण मंगळवार दि. १८ आणि बुधवार दि. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्याकडे येऊ इच्छितात. माल आवक झाल्यापासून तो पॅक होऊन निघेपर्यंतचे सर्व टप्पे, तीन नंबरची भट्टी, तिचा तेलाचा टँक, टेम्परिंग भट्टी आणि आपली लॅब एवढीच या ऑडिटची व्याप्ती राहील. इंडक्शन विभाग आणि अन्य ग्राहकांचं काम यात येत नाही. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गिअरचा चार्ज भट्टीत भरला जाईल, अशी योजना करावी. त्याच संध्याकाळी दुसऱ्या शिफ्टमध्येही आम्ही थांबू. तारखा सोयीच्या नसतील तर ५ नोव्हेंबरपर्यंत कळवावं.’

या पत्रात जड भाषा कुठेच नाही, पण प्रत्येक वाक्याला काम आहे. व्याप्ती आधी पाहू. भट्टीचा नंबर लिहिल्यामुळे पुरवठादाराला कळतं की कोणत्या थर्मोकपलचे आणि कोणत्या रेकॉर्डरचे कागद लागणार. काय तपासणार नाही हे लिहिणंही तितकंच गरजेचं, कारण त्याच्याकडे आपल्या स्पर्धकांचा मालही असतो आणि तो आपल्या नजरेपासून झाकणं त्याचं कर्तव्य आहे. फोटो काढायचे असतील तर तेही पत्रातच विचारून घ्यावं. आणि व्याप्ती एकदा लिहिली की ती आपल्यालाही बांधते. मग तिथे गेल्यावर दराची बोलणी किंवा थकलेल्या डिलिव्हरीचा हिशोब काढणं योग्य नव्हे. मी तर म्हणेन, ऑडिटच्या टीममध्ये खरेदी विभागाचा माणूस नसलेलाच बरा. तो दिसला की पुरवठादार प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुढच्या ऑर्डरकडे बघून देतो.

तारखांची गंमत भट्टीच्या तासांत आहे. साधारण एक मिलिमीटर खोलीसाठी चार्ज भरण्यापासून तो तेलात उतरेपर्यंत सहा ते आठ तास सहज जातात. दहाला भरलेला चार्ज संध्याकाळी बाहेर येतो. पाचला निघणारा ऑडिटर भरणं पाहतो, पण तेलात बुडवणं पाहत नाही. तेलाचं तापमान, टँकमधलं ढवळणं आणि भट्टीचं दार उघडल्यापासून चार्ज बुडेपर्यंतचा वेळ, या गोष्टी मात्र त्याच क्षणी दिसतात. शिफ्ट बदलताना पहिला ऑपरेटर दुसऱ्याला काय सांगतो, हेही संध्याकाळीच ऐकायला मिळतं. वार निवडतानाही भान लागतं. भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून मंगळवार-बुधवार. दिवाळीच्या आगेमागे गावी गेलेली माणसं परतलेली नसतात आणि भट्टीवर बदली ऑपरेटर असतो. पत्र आणि भेट यांत तीन आठवडे ठेवले की चार्जचं नियोजन आपल्या मालाभोवती करायला पुरवठादाराला वेळ मिळतो.

आता कागदपत्रं. ती दोन गटांत मागावीत. पहिला गट आठवडाभर आधी पाठवायचा : प्रोसेस फ्लो, पीएफएमईए, कंट्रोल प्लॅन आणि सीक्यूआय-९ नुसार केलेलं स्वतःचं मूल्यांकन. सीक्यूआय-९ हे अमेरिकेतल्या एआयएजी या वाहन उद्योगाच्या संस्थेने हीट ट्रीटमेंटसाठी काढलेलं मूल्यांकन आहे. ते वर्षातून एकदा स्वतः भरायचं असतं. हे कागद आपल्या टेबलावर वाचून झाले की तिथे जाऊन तेच वाचण्यात वेळ जात नाही. एक गोष्ट तर इथेच सापडते : कंट्रोल प्लॅनवर ड्रॉइंगची जुनी आवृत्ती. ती सापडली तर आधी आपली परचेस ऑर्डर आणि पाठवलेले मेल काढून पाहावेत, कारण नवी आवृत्ती पाठवायला कित्येकदा आपणच विसरलेलो असतो.

दुसरा गट जागेवर, रोजच्या ठिकाणीच ठेवायचा. पत्रात तसं स्पष्ट लिहावं : ‘झेरॉक्स काढू नयेत, नवी फाइल करू नये, मूळ नोंदी जिथे असतात तिथेच दाखवाव्यात.’ यात मागच्या सहा महिन्यांचे भट्टीचे तापमानाचे चार्ट, कार्बन पोटेन्शियलच्या नोंदी, चार्ज रजिस्टर, तेलाच्या तपासणीचे अहवाल, हार्डनेस टेस्टरचं कॅलिब्रेशन, आणि भट्टीत सगळीकडे तापमान सारखं राहतं का हे पाहणारा टीयूएस अहवाल येतो. टीयूएससाठी भट्टीच्या आत सहसा नऊ ठिकाणी, आठ कोपऱ्यांत आणि मध्यभागी, थर्मोकपल लावतात. या अहवालाची तारीख पाहून थांबायचं नाही. त्यानंतर भट्टीची वीट, हीटर किंवा पंखा बदलला का, हे मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये शोधायचं. बदलला असेल तर अहवाल जुन्या भट्टीचा झाला.

कागद आधीच सांगून मागितले तर पुरवठादार ते ‘तयार’ करील, अशी शंका अनेकांना येते. म्हणून न कळवता जावं असं म्हणणारे लोक आहेत. माझं मत वेगळं आहे. कोणत्या प्रकारचे कागद लागतील हे सांगावं, कोणता लॉट काढणार हे सांगू नये. लॉट त्याच सकाळी निवडावा. सहा महिन्यांचे सगळे चार्ट, रजिस्टर आणि अहवाल एकमेकांशी जुळतील असे नव्याने लिहिणं फार अवघड आहे. सीक्यूआय-९ मध्येही एकच जॉब पहिल्यापासून शेवटपर्यंत माग काढून पाहण्याचा स्वतंत्र भाग आहे.

आपल्या उदाहरणात हा माग असा निघेल. तक्रार आलेल्या गिअरचं डिस्पॅच चलन घ्यायचं, त्यावरून चार्ज नंबर, चार्ज नंबरवरून रजिस्टरमधली तारीख आणि वेळ. मग त्या रात्रीचा चार्ट. समजा, चार्टवर रात्री दोनच्या सुमारास रेघ तुटलेली आहे, पाऊण तासाने ती पुन्हा सुरू होते, तीही खालच्या तापमानापासून. म्हणजे वीज गेली होती. रजिस्टरमध्ये त्याचा उल्लेख नाही आणि चार्ज बाहेर काढल्याची वेळ नेहमीचीच लिहिलेली आहे. कार्बन मुरण्याचा वेळ पाऊण तासाहून जास्त बुडाला, कारण भट्टी परत ९२० अंशांवर यायलाही वेळ गेला. आता हार्डनेसचा रिपोर्ट पाहिला तर ५९, ६०, ६०, सगळं पास. यात खोटं काही नाही. पृष्ठभाग तेवढाच कडक झालेला असतो, थर मात्र पातळ राहतो, आणि नंतर ग्राइंडिंगमध्ये आणखी पातळ होतो. मग विचारायचं ते नमुना कापल्याच्या अहवालाबद्दल. त्यात पृष्ठभागापासून आत जात, कडकपणा ५५० विकर्सला उतरतो ती खोली मोजलेली असते. तो नमुना चार्जमध्ये कुठे ठेवला होता? भट्टीत सगळ्यात गरम जागी ठेवलेला नमुना ०.८ दाखवील आणि दाराजवळचे गिअर ०.६५ वर राहतील.

इथे ऑपरेटरवर घसरू नये. वीज गेल्यावर काय करायचं हे त्याला कुणी लिहून दिलं आहे का, ते आधी पाहावं. कंट्रोल प्लॅनच्या ‘रिअॅक्शन प्लॅन’च्या रकान्यात नुसतं ‘सुपरवायझरला कळवा’ असेल आणि रात्री दोनला सुपरवायझर नसेल, तर त्याने दुसरं काय करायचं? नोंद अशी व्हावी की वीज खंडित झाल्यावर वेळ वाढवण्याचा नियम ठरलेला नाही आणि अशा चार्जमधून जास्तीचा नमुना कापण्याची सोय नाही. याच नोंदीवरून पुढचं काम करता येतं, आणि त्या सहा महिन्यांत रेघ तुटलेले आणखी किती चार्ज आहेत, हे शोधायलाही तिचाच आधार मिळतो.

पत्राच्या शेवटी आणखी दोन ओळी असाव्यात. एक म्हणजे दोन्ही दिवसांचा वेळापत्रकाचा छोटा तक्ता आणि त्यात कोणत्या वेळी कोणता माणूस हवा : भट्टीचा ऑपरेटर, लॅबचा माणूस, मेंटेनन्सवाला. मालक पूर्ण वेळ बरोबर असण्याची गरज नाही. सुरुवातीच्या आणि समारोपाच्या बैठकीला असले तरी पुरे. दुसरी ओळ अशी की बुधवारी निघण्यापूर्वी सगळ्या नोंदी पुरवठादारासमोर वाचून दाखवल्या जातील, त्यांवर दोघांच्या सह्या होतील, लेखी अहवाल आठवड्यात येईल आणि सुधारणेचा आराखडा कोणत्या तारखेपर्यंत हवा ते त्यात लिहिलेलं असेल. पुरवठादाराचं उत्तर आलं की तीन नंबरच्या भट्टीवर मंगळवारी सकाळी दहाला आपला चार्ज खरंच लावला आहे ना, एवढं फोन करून विचारून घ्यावं.