शतपावली आणि आठ चिठ्ठ्या

रात्री जेवून अंगणात किंवा गच्चीवर शतपावली घालायची आपली जुनी रीत. मात्र शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. दहा मिनिटं चाललं तर हजाराच्या आसपास पावलं होतात, आणि रक्तातल्या साखरेवर परिणाम दिसायला साधारण एवढं चालणं लागतं.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरचा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेह असलेली ४१ माणसं दोन आठवडे रोज सलग अर्धा तास चालली, आणि दुसऱ्या दोन आठवड्यांत तोच अर्धा तास त्यांनी तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटांत वाटून घेतला. चालणं तेवढंच, फक्त वेळ बदलली. तरी जेवणानंतर साखर चढण्याचं प्रमाण सरासरी १२ टक्क्यांनी कमी भरलं, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी.

कारण समजायला सोपं आहे. भात-पोळीची साखर पहिल्या तास-दीड तासात रक्तात सर्वाधिक येते. त्याच वेळी पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू काम करत असले, तर ते ती ओढून घेतात, आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्शुलिनची वाट पाहावी लागत नाही. म्हणून मधुमेहींनाही याचा उपयोग होतो.

पण हे झालं ४१ जणांच्या सरासरीचं. माझं काय, हे घरच्या ग्लुकोमीटरवर पाहायला गेलं की माणूस फसतो. काल बसून १९२, आज चालून १६६, म्हणजे चालण्याने २६ उतरली, असा हिशोब आपण सगळेच करतो. तो खरा नाही. या यंत्रांच्या मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे चालतं. खरी साखर १८० असेल तर यंत्राने १५३ दाखवलं काय किंवा २०७ दाखवलं काय, ते नापास होत नाही. शिवाय काल भात एक मूद जास्त झाला असेल, दुपारी उशिरा जेवण झालं असेल, किंवा बोटाला आंब्याचा रस राहिला असेल. हा शेवटचा घोटाळा वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच बोट टोचावं.

रास्त चाचणीला आठ रात्री लागतात. रोज तेच जेवण घ्यायचं. समजा, तराजूवर मोजून १५० ग्रॅम शिजलेला भात, एक वाटी वरण आणि तीच भाजी. वेळ तीच, औषध तेच, दुपारचं जेवणही शक्यतो सारखं. एका डब्यात आठ चिठ्ठ्या टाकायच्या, चारांवर ‘चाल’, चारांवर ‘बस’. रोज एक काढायची, आणि ती परत टाकायची नाही. ती जेवण संपल्यावरच काढायची, हे महत्त्वाचं. आज चालायचंय हे आधी कळलं की हात नकळत भाताकडे सैल सुटतो.

घड्याळ पहिल्या घासापासून लावायचं. साखर जेवणाआधी, ६० मिनिटांनी आणि १२० मिनिटांनी मोजायची. तीन गुणिले आठ म्हणजे २४ पट्ट्या. २५ च्या डबीत एक चुकीसाठी उरते. चालायचं ते ताट उचलल्यावर लगेच, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. वहीत मूळ आकडा लिहायचाच, पण तुलना मात्र वाढीची करायची: साठाव्या मिनिटाचा आकडा वजा जेवणाआधीचा.

एक काल्पनिक वही पाहू. बसलेल्या चार रात्रींची वाढ ७४, ६१, ८२ आणि ६९, सरासरी ७१.५. चाललेल्या रात्रींची ४८, ६६, ४१ आणि ५३, सरासरी ५२. फरक १९.५. चाललेली एक रात्र (६६) बसलेल्या एका रात्रीपेक्षा (६१) वाईटच निघाली, आणि नेमक्या त्याच दोन रात्री मोजल्या असत्या तर निष्कर्ष उलटा निघाला असता. मग हा १९.५ चा फरक नशिबाने आला असेल का? आठ रात्रींतून ‘चाल’च्या चार रात्री निवडण्याचे ७० प्रकार आहेत. चालण्याचा काहीच परिणाम नसता, तर या आठ आकड्यांची इतकी किंवा याहून जास्त अनुकूल वाटणी त्यांपैकी फक्त दोन प्रकारांत होते. सत्तरात दोन. एवढ्यावर मी तरी विश्वास ठेवीन. फरक पाच-सहाचाच निघाला, तर मात्र या २४ पट्ट्यांतून काही सिद्ध होत नाही.

१२० मिनिटांचा आकडा कशाला? कधी चालण्यामुळे शिखर नुसतं पुढे सरकतं. साठाव्या मिनिटाला आकडा छान दिसतो आणि दोन तासांनी तो बसलेल्या रात्रीपेक्षा वर असतो. तसं झालं, तर साखर कमी झाली नाही, उशिरा आली.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा. चालताना घाम फुटला, हात थरथरले, तर थांबून साखर मोजावी. ७० च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज घ्यावं. पायाची जाणीव कमी असेल तर चप्पल न घालता चालू नये.

आणि हे उत्तर रात्रीच्या भातापुरतंच. सकाळच्या पोह्यांसाठी नवी डबी आणि नव्या आठ चिठ्ठ्या लागतील.