आधी आवाज, मग चित्र

गोलंदाज चेंडू टाकतो. तो बॅटला लागायच्या आधीच कानात ‘टक्’ ऐकू येतं. वायरलेस इअरबड्सची नेहमीची तक्रार याच्या उलटी असते, आवाज मागून येतो. पण चित्र मागे पडलं की ते जास्त खटकतं. इंटरनॅशनल टेलिकम्युनिकेशन युनियनच्या 1998च्या शिफारशीनुसार आवाज 125 मिलिसेकंद उशिरा आला तर प्रेक्षकाला ते जाणवू लागतं, आधी आला तर मात्र 45 मिलिसेकंदही पुरतात. निसर्गात प्रकाश आवाजाच्या पुढेच असतो, त्यामुळे उलटा क्रम लगेच टोचतो.

असं होतं कसं? ब्लूटूथवर आवाज आधी आकुंचित होतो, मग हवेतून जातो, इअरबडमध्ये थोडा साठतो आणि मगच वाजतो. यात सहज 200 मिलिसेकंद जातात. बरेच इअरबड्स हा उशीर फोनला कळवतात आणि व्हिडिओ प्लेअर तेवढा वेळ चित्र मुद्दाम रोखून धरतो. घोळ इथेच होतो. समजा, कुणी मध्येच इअरबड्सचा गेम मोड सुरू केला. साठा कमी झाला, उशीर 80 मिलिसेकंदांवर आला, पण प्लेअर अजून 200च धरून बसला आहे. मग चित्र 120 मिलिसेकंद मागे पडतं, म्हणजे 25 फ्रेम्सच्या व्हिडिओत तीन फ्रेम्स. अशा वेळी व्हिडिओ बंद करून, इअरबड्स पुन्हा जोडून तो नव्याने सुरू करावा. सिनेमा पाहताना गेम मोडची गरजही नसते. साठा कमी असल्याने गर्दीच्या लोकलमध्ये आवाज तुटण्याची शक्यता मात्र वाढते.

दोष इअरबड्सचाच आहे का, हे तपासणं सोपं आहे. तोच व्हिडिओ फोनच्या स्पीकरवर लावावा. तिथेही ओठ मागे राहत असतील, तर इअरबड्सना बोल लावू नये. जुन्या फोनला 4K चित्र उलगडायला वेळ पुरत नाही, आवाज मात्र वेळेवर निघतो. हालचाल अडखळत असेल तर कारण बहुधा हेच. 720p निवडून पाहावं.

फोनचं चित्र टीव्हीवर आणि आवाज फोनला जोडलेल्या इअरबड्समध्ये, अशी मांडणी तर हमखास फसते. चित्र वाय-फायवरून जातं, वर टीव्ही ते सजवण्यात वेळ घालवतो. इअरबड्स थेट टीव्हीला जोडावेत. ते शक्य नसेल तर टीव्हीचा गेम मोड लावावा. इथे तो उपयोगी आहे, कारण तो चित्रावरची प्रक्रिया कमी करतो.

संगणकावर VLC असेल तर विंडोजवर K दाबलं की आवाज दर वेळी 50 मिलिसेकंद मागे सरकतो, J दाबलं की पुढे येतो. वर सांगितलेल्या 120 मिलिसेकंदांच्या फरकाला K दोनदा पुरतो. उरलेले 20 कुणाच्या लक्षात येत नाहीत. यूट्यूबमध्ये मात्र अशी सोय नाही.