श्वास रोखला, ताल थांबला नाही

1954 साली फाउलर या शरीरशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. काही जणांना त्याने श्वास रोखून धरायला सांगितले. अगदी असह्य झाले, आता सोडलाच पाहिजे असे वाटले, की त्या क्षणी त्यांना एका पिशवीतली हवा ओढू दिली. पिशवीतली हवा मुद्दाम वाईट ठेवलेली होती. आपल्याभोवतीच्या हवेत प्राणवायू 21 टक्के असतो, पिशवीत तो जेमतेम 8 टक्के होता आणि कार्बन डायऑक्साइड साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे या हवेने रक्ताची अवस्था सुधारण्याची काहीच शक्यता नव्हती. तरीही दोन-तीन श्वासांत लोकांना हायसे वाटले आणि त्यांनी पुन्हा श्वास रोखून दाखवला.

श्वासाच्या अभ्यासातले इतके स्वस्त आणि इतके बोलके प्रयोग फार थोडे असतील. प्राणवायू संपतो म्हणून जीव कासावीस होतो, अशी आपली समजूत असते. तेवढेच कारण असते, तर या पिशवीने लोकांची तगमग वाढायला हवी होती. ती कमी झाली, कारण छाती हलली. फुप्फुसे फुगली, आकसली, आणि त्याची खबर मेंदूला पोचली.

ही खबर कोणाला हवी असते? मेंदूच्या तळाशी, जिथे तो मज्जारज्जूला मिळतो, त्या मस्तिष्कस्तंभात काही हजार चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. 1991 मध्ये तो उंदरांमध्ये नेमका सापडला आणि त्याला प्री-बॉट्झिंगर संकुल हे नाव मिळाले. श्वास आत घेण्याचा ताल तिथे जन्मतो. मिनिटाला बारा ते सोळा वेळा तिथून हुकूम सुटतो, तो मज्जारज्जूतून मानेच्या भागातल्या चेतापेशींकडे जातो आणि त्या श्वासपटलाला आकुंचन पावायला लावतात. झोपेत, गप्पांत, बेशुद्धीतही हे चालू असते.

आपण ठरवून श्वास रोखतो तेव्हा हा ताल थांबतो असे वाटते. पण पुरावे वेगळेच सांगतात. मेंदूच्या वरच्या थरातून, जिथून हात हलवायचा हुकूम निघतो तिथूनच, एक सरळ वाट मज्जारज्जूतल्या त्याच चेतापेशींकडे जाते. या वाटेने आपण श्वासपटल आणि छातीचे स्नायू धरून ठेवतो. खालचा ताल मात्र, दांडा धरून ठेवलेल्या चालत्या यंत्रासारखा, आपले धक्के देतच राहतो. श्वास बराच वेळ रोखला की पोटात नकळत उचक्यांसारखे झटके येतात. ते त्या धक्क्यांचेच. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो तसा धक्क्यांचा जोर वाढतो, छाती हलल्याची खबर काही येत नाही, आणि एका क्षणी इच्छाशक्ती हरते. निरोगी माणूस नुसता श्वास रोखून जीव देऊ शकत नाही, तो याचमुळे.

एक अपवाद मात्र जीवघेणा आहे. विहिरीत किंवा तलावात बुडी मारण्याआधी काही मुले भराभर खोल श्वास घेतात. त्यामुळे प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड खूप उतरतो. मग तो पुन्हा वाढून ‘श्वास घे’ अशी निकड निर्माण होण्याआधीच प्राणवायू संपतो, आणि कसलीही तगमग न होता मुलगा पाण्यात बेशुद्ध होतो. काठावरच्यांना तो आरामात पोहतोय असेच वाटत असते.

आता हसू. ते याच वाटेने येते का? नाही, आणि याचा सर्वात स्पष्ट दाखला एका आजारी माणसाने दिला. 1991 मध्ये डॉक्टरांनी नोंदवलेल्या या रुग्णाच्या मस्तिष्कस्तंभाच्या पुढच्या भागात रक्तपुरवठा तुटला होता. वरून खाली येणारी इच्छेची वाट त्यामुळे कापली गेली. रुग्ण शुद्धीवर होता, पण अंग हलवता येत नव्हते. ‘खोल श्वास घ्या’, ‘श्वास रोखा’ असे सांगितले तर काहीच होत नसे. मात्र हसू किंवा रडू आले, की त्याचा श्वास बदलत असे. म्हणजे भावनेची वाट वेगळी आहे. ती भावनांशी संबंधित खोल भागांतून निघते, मध्यमेंदूतून जाते आणि मस्तिष्कस्तंभात उतरते. हसायचे ठरवून खरेखुरे खदखदून हसता येत नाही, आणि आलेले हसू दाबताना इतके कष्ट पडतात, याचे कारण बहुधा हेच असावे.

हसताना घडते ते पाहण्यासारखे असते. प्रत्येक ‘हा’ म्हणजे श्वास बाहेर फेकण्याचा एक झटका, आणि असे झटके सेकंदाला पाचच्या आसपास येतात. मधे आत घ्यायला सवड मिळत नाही. नेहमीचा श्वास सोडल्यावरही फुप्फुसात जी हवा शिल्लक असते, तिच्यातलीही पुष्कळशी हसू उपसून काढते. म्हणूनच पोट दुखते, बोलता येत नाही, आणि शेवटी एक लांब श्वास आत खेचावा लागतो. तो श्वास कोण मिळवून देतो? 2024 मध्ये उंदरांवर झालेल्या संशोधनात दिसले, की आवाज काढणाऱ्या पेशींना प्री-बॉट्झिंगर संकुल मधेच दाबते आणि श्वास आत घ्यायची वेळ काढून घेते. वरून कितीही हुकूम आले तरी तालाकडे आपला असा नकाराधिकार आहे.

रडण्यात हे भांडण लहान मुलांत उघड दिसते. साधारण सहा महिने ते सहा वर्षे वयाची काही मुले रागाने किंवा दुखल्यावर जोरात रडतात आणि श्वास बाहेर टाकलेल्या अवस्थेतच अडकतात. ओठ निळे पडतात, अंग ढिले होते, क्वचित शुद्ध जाते. घरात हलकल्लोळ होतो, आणि कोणीतरी ‘हट्टानं श्वास धरतो’ असे म्हणतेच. मूल हे ठरवून करत नाही. बहुतेकदा मिनिटाच्या आत श्वास आपोआप सुरू होतो. अशा मुलांत लोहाची कमतरता आढळू शकते, म्हणून रक्ततपासणी करून घ्यावी, आणि पहिल्या वेळी तरी डॉक्टरांना दाखवावेच. मिरगीचे झटकेही असे दिसू शकतात.

भीतीने श्वास जागच्या जागी थबकतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मेंदूतला बदामाच्या आकाराचा अमिग्डला त्यात असतो, आणि 2015 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा इथे मिरगीच्या रुग्णांत शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांमध्ये त्याचा थेट पुरावा मिळाला. तिथे सौम्य विद्युतप्रवाह दिला, की श्वास थांबे. नवल असे, की श्वास थांबल्याचे रुग्णाला कळतच नसे, गुदमरल्याची जाणीवही होत नसे. तालाला जणू पत्ताच लागू न देता तो वरून थांबवता येतो, आणि मिरगीच्या रुग्णांच्या अचानक मृत्यूंमागे हे असू शकते, असा संशय म्हणूनच घेतला जातो.

पण याच विद्यापीठात एका दुर्मिळ आजाराने अमिग्डला नष्ट झालेल्या एका बाईचाही अभ्यास झाला होता. साप, कोळी, भीतीचे चित्रपट, कशानेच तिला भय वाटत नसे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास घ्यायला सांगितले. ती घाबरली, हात मारून मुखवटा काढू लागली, तिला मृत्यूच समोर दिसल्यासारखे झाले. अमिग्डलाशिवायही ही भीती उमटली, म्हणजे तिचा उगम बाहेरच्या संकटाच्या जाणिवेत नसून, रक्तातला वायू मोजणाऱ्या खालच्या यंत्रणेत असावा.