तर्रीने घाम येतो, चरबी जळत नाही

झणझणीत मिसळीचे चार घास पोटात गेले की कपाळावर घाम येतो, कानशिलं तापतात. मग वाटतं, शरीराची भट्टी पेटली, आता चरबी जळणार. प्रत्यक्षात मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना चेतवतं, तेच साधारण ४३ अंशांपुढची उष्णता ओळखतात. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. मेंदूची समजूत होते की तोंड भाजतंय, आणि तो शरीर थंड करायला घाम सोडतो. घाम म्हणजे चरबी जळल्याची खूण नव्हे.

जेवणानंतर शरीराचा ऊर्जाखर्च वाढतो हे मात्र खरं. अन्न पचवायचं, शोषायचं, साठवायचं, याला ऊर्जा लागते. ती मोजताना माणसाला स्वस्थ झोपवून डोक्यावर पारदर्शक झाकण ठेवतात आणि श्वासातला प्राणवायू किती वापरला गेला ते काही तास पाहतात. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के अशी पचनातच खर्च होते, पिष्टमय पदार्थांची ५ ते १० टक्के आणि तेलातुपाची जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत.

आता मिसळीचा हिशेब करू. एका प्लेटमध्ये, पावासकट, ६०० कॅलरी धरू: मटकी, फरसाण, पाव मिळून प्रथिनांच्या ८०, पिष्टमय पदार्थांच्या २८० आणि तेलाच्या २४०. पचनाचा खर्च होतो ३० ते ६० कॅलरी. तिखटाने यात भर पडते का? काही प्रयोगांत थोडी पडली, काहींत जाणवलीच नाही. पडली तरी ती दिवसाकाठी काही दहा कॅलरींपलीकडे क्वचितच जाते, आणि यातल्या बऱ्याच प्रयोगांत लोकांना कॅप्सेसिनच्या कॅप्सूल दिल्या होत्या. रोज तिखट खाणाऱ्याला तर त्याची सवयच होऊन जाते.

खरी गोम तर्रीत आहे. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून रश्शाचा जाळ वरच्या लाल तवंगात असतो. तिखट हवं म्हणून तर्री वाढवून घेतली की तिच्याबरोबर तेलही आलं. एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तेल, ४५ कॅलरी देतं आणि पचायला दीड कॅलरीसुद्धा घेत नाही. दोन चमच्यांत मिरचीची सगळी कमाई धुऊन निघते.

फरसाण कमी करून मटकी वाढवली तर पचनखर्च वाढतो, पण तोही फार नाही: प्रथिनं १० ग्रॅमने वाढली की त्यांच्या ४० कॅलरींतल्या ८ ते १२ पचनात जातात. मटकीचा मोठा फायदा वेगळा आहे. तिच्या प्रथिनांनी आणि चोथ्याने पोट भरल्यासारखं वाटतं आणि तिसरा पाव मागवावासा वाटत नाही. मिसळ तिखटच खा, पण चवीसाठी. वजनाचा हिशेब तेलाच्या आणि पावाच्या बाजूने मांडा.