अंगठ्याच्या टप्प्यातला ‘बॅक’

अँड्रॉइड फोनमध्ये मागे जाण्याचे दोन मार्ग आहेत: तळाशी तीन बटणे, किंवा 2019च्या अँड्रॉइड 10पासून आलेले जेश्चर. एका हाताने फोन वापरताना खरा प्रश्न ‘बॅक’चा असतो, कारण तेच सर्वांत जास्त लागते. पिक्सेलवर हे बटण डाव्या कोपऱ्यात असते. उजव्या हातात मोठा फोन असेल, तर अंगठा तिथवर ताणावा लागतो आणि पकड सैल होते. सॅमसंगमध्ये बटणांचा क्रम बदलता येतो. जेश्चरमध्ये मात्र डाव्या किंवा उजव्या, कोणत्याही कडेवरून बोट आत सरकवले की झाले. उंचीचेही फारसे बंधन नाही. मोठ्या फोनसाठी हाच पर्याय सरस.

अडचण येते ती फोटो कापताना. चौकटीची कड ओढायला जावे, तर ॲपच मागे जाते. अशा वेळी पिक्सेलच्या Settings मध्ये Navigation mode उघडावे, Gesture navigation शेजारच्या चाकावर टॅप करावे आणि त्या बाजूची संवेदनशीलता कमी करावी. दोन्ही कडांची पट्टी वेगळी असते, त्यामुळे अंगठ्याची बाजू तशीच ठेवता येते. बोट थरथरत असेल किंवा सरकवणे जमत नसेल, तर बटणेच बरी.